उकळी फुटल्यानंतरचा एक तास

हॉटेलातलं खरकटं डुकरांना घालण्याआधी बरेच जण ते नुसतं गरम करतात आणि काम झालं असं समजतात. २००१ साली इंग्लंडमधल्या हेडन-ऑन-द-वॉल गावाजवळच्या एका डुक्करपालनात नीट न शिजवलेलं खरकटं घातलं जात होतं. देशभर पसरलेल्या लाळ्या-खुरकुताच्या साथीचा माग काढणारे शेवटी तिथेच पोहोचले. साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली, आणि त्याच वर्षी ब्रिटनने असं खाद्य घालायला बंदी केली.

आपल्याकडे मोठी धास्ती आफ्रिकन स्वाईन फिवरची आहे. २०२० मध्ये तो आसाम आणि अरुणाचलात पहिल्यांदा आढळला. माणसाला तो होत नाही, पण आजारी डुकरावर त्याचा इलाज नाही. फ्रीजरमधल्या किंवा खारवलेल्या डुकराच्या मांसात त्याचा विषाणू महिनोन्महिने तग धरतो. ताटात उरलेला सॉसेजचा एक तुकडाही रोग आणू शकतो. म्हणून डुकराचं मांस असलेलं खरकटं उकळूनसुद्धा घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

बाकीचं खरकटं किमान ९० अंश सेल्सियसवर पूर्ण ६० मिनिटं, सतत ढवळत शिजवायचं, असा जागतिक पशुआरोग्य संघटनेचा निकष आहे. समजा, दोनशे लिटरचा ड्रम आहे. आधी प्लास्टिक, टूथपिक, हाडं वेचून काढायची, मोठे गोळे फोडायचे, ड्रम पाऊणच भरून पाणी घालायचं. कडेने बुडबुडे दिसले तरी मधला घट्ट भात कोमटच असतो. मधोमध खळखळून उकळी फुटली की मग वेळ मोजायला लागायचं. निवल्यावर ते कच्च्या खरकट्याच्या बादलीत ओतलं, तर तासाभराची मेहनत वाया जाते. दोन्ही बादल्या वेगळ्या हव्यात आणि कच्ची बादली डुकरांच्या आसपासही नको.

उकळून मीठ मात्र जात नाही. लोणचं आणि खारट उरलंसुरलं खाऊन पाणी कमी पडलं, तर डुकरं आंधळ्यासारखी भिंतीवर आदळतात, त्यांना झटके येतात. बुरशी लागलेल्या मक्यातलं किंवा शेंगदाणा पेंडीतलं विषही आचेने मरत नाही; ते फेकूनच द्यावं. शेतातलं म्हणाल तर रताळ्याचे वेल चिरून आणि काजूच्या बोंडांचा ताजा चोथा थोडाथोडा चालतो. हिरवे पडलेले बटाटे नकोत. कडब्याचा उपयोग नाही, कारण डुक्कर रवंथ करत नाही. खरकट्यात पाणीच फार, त्यामुळे पिल्लांचं पोट भरतं पण अंग धरत नाही. त्यांना मका आणि पेंड लागतेच.

डुकरं खायची थांबली, अंग तापलं, कानांवर-पोटावर लालसर-जांभळे डाग उमटले आणि एकामागून एक मरू लागली, तर खरेदी-विक्री तिथेच थांबवावी. साध्या स्वाईन फिवरमध्येही हीच लक्षणं दिसतात. फरक प्रयोगशाळेतच कळतो. मेलेलं डुक्कर ओढ्यात टाकू नये की कापू नये. त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.