हॉटेलचं बुकिंग झालं, पण कन्फर्मेशन वाचलं का?

मागच्या भागात रेल्वेच्या वेटिंग तिकिटाबद्दल बोललो होतो. त्यानंतर वडोदऱ्याहून आपल्या एका नियमित प्रेक्षक ताईंनी वाराणसीच्या हॉटेलचं कन्फर्मेशन पाठवलं आणि विचारलं, "सर, सगळं बरोबर आहे ना?" त्यांची परवानगी घेऊन, नाव आणि हॉटेल गाळून, आज तोच कागद आपण वाचणार आहोत. गंमत अशी की कागदात चूक काहीच नव्हती. तरीही चोवीस हजार रुपये धोक्यात होते.

आधी माहिती घ्या. चेक-इन 12 डिसेंबर, शुक्रवार, दुपारी 2 वाजता. चेक-आउट 15 डिसेंबर, सोमवार, सकाळी 11 वाजता. म्हणजे तीन रात्री. ताई आणि त्यांचे यजमान, एक खोली, सकाळचा नाश्ता धरून. गाडी 11 तारखेला पहाटे वडोदऱ्याहून निघणार आणि 12 ला पहाटे पाचच्या सुमारास वाराणसीला पोचणार. तिकीट वेटिंगवर.

कन्फर्मेशन हातात आलं की बहुतेक लोक हॉटेलचं नाव आणि एकूण रक्कम बघतात आणि फोन खिशात ठेवतात. मी सर्वांत आधी दराचा प्रकार शोधतो. तो खोलीच्या नावाखाली बारीक अक्षरात असतो. नॉन-रिफंडेबल असेल तर विषय तिथेच संपला. पैसे भरल्या क्षणापासून ते हॉटेलचे झाले. हा दर थोडा स्वस्त असतो, आणि ती सवलत आपण रद्द करण्याचा हक्क विकून मिळवलेली असते. तिकीट पक्कं असेल, घरी कोणी आजारी नसेल, तर जरूर घ्या. वेटिंगच्या तिकिटाबरोबर तो दर घेऊ नये. ताईंनी रिफंडेबल दर घेतला होता, हे उत्तम केलं.

इथे एक घोटाळा वारंवार होतो. 'पे अ‍ॅट हॉटेल' असं लिहिलेलं दिसलं की लोकांना वाटतं, आपण पैसेच दिलेले नाहीत, तेव्हा केव्हाही रद्द करू. पैसे केव्हा द्यायचे आणि रद्द केल्यावर काय होणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बुकिंग करताना कार्डाचा नंबर घेतला असेल, तर मुदत उलटल्यावर हॉटेल त्या कार्डावर रक्कम लावू शकतं. म्हणून पैसे दिले नसले तरी रद्द करण्याची ओळ वाचायचीच.

आता तीच ओळ. ताईंच्या कागदावर असं होतं: चेक-इनच्या 48 तास आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण परतावा, त्यानंतर 24 तासांपर्यंत पहिल्या रात्रीचं भाडं कापणार, 24 तासांच्या आत किंवा न आल्यास पूर्ण रक्कम जाणार. ताईंनी याचा अर्थ लावला, "दहा तारखेपर्यंत वेळ आहे."

दहा तारीख खरी, पण किती वाजेपर्यंत? 48 तास मोजायचे ते चेक-इनच्या वेळेपासून. 12 तारखेच्या दुपारच्या 2 मधून 48 तास मागे गेलो की 10 तारखेची दुपार 2 येते. काही हॉटेलं तासांऐवजी सरळ तारीख आणि वेळ लिहितात. ते चांगलं, पण 10 डिसेंबर 00:00 असं दिसलं तर जपा. ही दहा तारखेची रात्र नाही, नऊ तारीख संपून दहा सुरू होते ती मध्यरात्र आहे. म्हणजे नऊ तारखेला झोपण्यापूर्वी निर्णय झाला पाहिजे. फौजेत आम्ही आदेशात मध्यरात्र लिहिणं टाळायचो, 2359 किंवा 0001 लिहायचो, ते याच कारणासाठी. आणि मुलगा दुबईहून आईवडिलांसाठी बुकिंग करत असेल, तर मुदत सहसा हॉटेलच्या गावच्या घड्याळाने चालते. वाराणसीत दुपारचे 2 वाजतात तेव्हा दुबईत साडेबारा वाजलेले असतात.

आता रेल्वेचं वेळापत्रक शेजारी ठेवा. गाडी 11 तारखेला पहाटे निघते, म्हणून तिचा चार्ट 10 तारखेच्या रात्री लागणार. हॉटेलची मुदत त्याच दिवशी दुपारी 2 ला संपते. म्हणजे तिकीट पक्कं झालं की नाही हे कळण्याच्या काही तास आधीच हॉटेलचा फुकट रद्द करण्याचा दरवाजा बंद होतो. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं तर रेल्वे ते आपोआप रद्द करते आणि थोडी रक्कम कापून पैसे परत करते. हॉटेलला मात्र यातलं काहीही माहीत नसतं. त्याच्या दृष्टीने तुम्ही येणारच आहात.

मग नुकसान किती? चार्ट लागल्यावर रात्रीच रद्द केलं तर पहिल्या रात्रीचे 6,900 आणि त्यावरचा कर 345, असे 7,245 रुपये जातील. "उद्या बघू" म्हणून 11 तारखेची दुपार 2 उलटली तर सगळेच गेले. त्यामुळे मी ताईंना सांगितलं, 10 तारखेला सकाळी 10 चा गजर लावा. त्या वेळी तिकीट कन्फर्म नसेल, निदान आरएसीतही आलेलं नसेल, तर दुपारी 1 च्या आत हॉटेल रद्द करा आणि रद्द झाल्याचा मेल येईपर्यंत फोन सोडू नका. रात्री तिकीट पक्कं झालंच तर दुसरी खोली बघता येईल. ती चार-पाचशेनं महाग पडेल कदाचित, पण सात हजारांनी नाही. दुसरा मार्ग म्हणजे आत्ताच 24 तासांची मुदत असलेला दर शोधणं. तसा दर मिळाला तर मुदत 11 ला दुपारी 2 पर्यंत जाते, आणि चार्ट त्याच्या आधी लागलेला असतो.

आता पैशांचा भाग. ताईंची तक्रार होती की जीएसटी पाच टक्के म्हणतात आणि यांनी तर दहाच्या वर लावला आहे. खोलीभाडं 21,600, त्याखाली 'टॅक्सेस अँड फीज' 2,448, एकूण 24,048.

22 सप्टेंबर 2025 पासून हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी असा आहे: एका खोलीचं एका दिवसाचं भाडं 7,500 पर्यंत असेल तर 5 टक्के, त्याहून जास्त असेल तर 18 टक्के. (त्याआधी 7,500 पर्यंत 12 टक्के होता. जुन्या व्हिडिओंत अजून तोच आकडा ऐकू येतो.) ताईंनी 21,600 ला तीनने भागलं, 7,200 आले, म्हणजे पाच टक्केच. पण भाडं रोज सारखं नव्हतं. 'प्राइस ब्रेकअप' उघडलं तेव्हा दिसलं: शुक्रवार 6,900, शनिवार 7,800, रविवार 6,900. कर सरासरीवर लागत नाही, प्रत्येक रात्रीवर लागतो. दोन रात्रींच्या 13,800 वर पाच टक्के म्हणजे 690. शनिवारच्या 7,800 वर अठरा टक्के म्हणजे 1,404. मिळून 2,094. उरलेले 354 म्हणजे बुकिंग करणाऱ्या अ‍ॅपची 300 रुपये फी आणि तिच्यावरचा 18 टक्के जीएसटी. म्हणजे लुबाडणूक नाही. फक्त दोन वेगळ्या गोष्टी एका ओळीत कोंबल्या आहेत. ही अ‍ॅपची फी बहुधा परत मिळत नाही, 'फ्री कॅन्सलेशन' लिहिलेलं असलं तरी.

एक गोष्ट मला मजेशीर वाटते. शनिवारची खोली 7,800 ऐवजी 7,500 ला मिळाली असती तर कर 375 झाला असता. तीनशे रुपये भाड्यात कमी, एक हजार एकोणतीस करात कमी, एकूण 1,329 रुपये वाचले असते. थेट हॉटेलकडून बुकिंग करत असाल आणि भाडं या रेषेच्या जरा वर असेल, तर फोन करून विचारा. व्यवस्थापकालाही हे गणित माहीत असतं, आणि तीनशे सोडणं त्याला जड नसतं. अ‍ॅपवरून पैसे भरून झाल्यावर मात्र याचा उपयोग नाही.

राहिलं चेक-इन. पहाटे पाचला पोचणार आणि खोली दुपारी 2 ला. मध्ये नऊ तास. कागदावर लिहिलं होतं, लवकर चेक-इन उपलब्धतेनुसार. याला वचन समजू नका. खोली रिकामी असेल तर देतील, नसेल तर सामान ठेवून घेतील आणि तुम्ही लॉबीत बसा. यजमानांचा गुडघा दुखतो, बसवत नाही, असं ताईंनी लिहिलं होतं. अशा वेळी खात्रीचा उपाय एकच, 11 तारखेच्या रात्रीपासून खोली घेणं.

पण यातही खाच आहे. 11 चं बुकिंग आणि तुम्ही त्या रात्री बारापर्यंत आला नाहीत, तर हॉटेल तुम्हाला 'नो-शो' धरू शकतं. काही हॉटेलं नो-शो झाला की पहिलीच रात्र नाही, पुढच्याही रात्री रद्द करून टाकतात. पहाटे तुम्ही दारात, आणि खोली दुसऱ्याला दिलेली. म्हणून हॉटेलला लेखी कळवायचं: "बुकिंग 11 डिसेंबरपासून आहे. आम्ही 12 डिसेंबरला पहाटे 5 ते 6 च्या दरम्यान पोचू. खोली ठेवावी, नो-शो करू नये." उत्तर आल्याशिवाय काम झालं असं धरू नका. आणि लक्षात घ्या, बुकिंग एक दिवस अलीकडे आलं की रद्द करण्याची मुदतही एक दिवस अलीकडे येते. 48 तास आता 9 तारखेच्या दुपारी 2 ला संपतील. 24 तासांचा दर घेतला तरी मुदत 10 ला दुपारी 2 ला संपते, म्हणजे पुन्हा चार्टच्या आधी. गजरही त्याप्रमाणे बदला.

ताईंनी शेवटी जादा रात्र घेतली नाही. हॉटेलला फोन केला, आणि पहाटे सहापासून खोली देऊ, त्यासाठी अर्ध्या दिवसाचं भाडं घेऊ, असं त्यांच्याकडून मेलवर लिहून घेतलं. हा तोडगा माझ्या डोक्यात नव्हता, पण माझ्या उपायापेक्षा स्वस्त आहे, आणि बुकिंगची तारीख न बदलल्यामुळे 10 तारखेची मुदतही जागेवर राहिली.

नियमांच्या यादीत ओळखपत्राची ओळ तेवढी बघून घ्या. आधार, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून पुष्कळ हॉटेलं ते घेत नाहीत. ओळखपत्र खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं, एकट्या बुकिंग करणाऱ्याचं नाही. काही हॉटेलं त्याच शहराचा पत्ता असलेल्या पाहुण्यांना खोली देत नाहीत, आणि ते नियमांत लिहिलेलं असतं. वाराणसीतला एखादा नातेवाईक तुमच्याबरोबर एक रात्र राहणार असेल तर त्याचं आधार कार्ड बघूनच काउंटरवर अडवतील. आणि मुलाने बुकिंग केलं असेल तर पाहुण्याच्या जागी त्याचं नाही, राहणाऱ्याचं नाव आहे ना, हे आजच बघा. नाव बदलायला घरून दोन मिनिटं लागतात. पहाटे पाचला काउंटरवर, झोपाळलेल्या कारकुनासमोर, किती लागतील ते सांगता येत नाही.