स्टॅटिनची गोळी चुकली तर?

अटोर्व्हास्टॅटिनची एखादी गोळी चुकली तर आठवताच घ्यावी; पण पुढच्या गोळीला बारा तासांहून कमी वेळ उरला असेल, तर चुकलेली सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. या औषधाचा परिणाम सुमारे दिवसभर टिकतो, त्यामुळे एका खाड्याने एलडीएल लगेच उसळत नाही. अनेक दिवस खंड पडला असेल, तर डॉक्टरांना विचारावे.

एका खाड्याने बिघडत नसेल, तर मग ‘कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?’ हा प्रश्न रास्त वाटतो. पण तो आकडा गोळी चालू असतानाचा असतो. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते. तूट भरायला यकृत रक्तातले एलडीएल अधिक ओढून घेते. गोळी थांबली की ही ओढ ओसरते. समजा, १६० वरचे एलडीएल गोळीने ९० वर आले. ती बंद केल्यास साधारण दोन ते चार आठवड्यांत ते पुन्हा १६० च्या आसपास पोहोचते. हे वाढणे जाणवत नाही, रक्ततपासणीतच दिसते. स्नायू दुखतात म्हणून गोळी नकोशी झाली, तरी परस्पर बंद करू नये. डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात.