पाहायचं, पण हात लावायचा नाही

लेखांक १७

आज तक्ते घ्यायचे ठरले होते. ते राहिले, कारण मंगळवारी रात्री कळंब तालुक्यातल्या एका शिक्षकांचा फोन आला. शाळेच्या स्मरणिकेची फाईल ते रायटरमध्ये जुळवताहेत. जुने लेख २०२३ च्या आधीचे, म्हणून ‘उस्मानाबाद’ शोधून त्याजागी ‘धाराशिव’ असं एका दमात सगळीकडे केलं. जिल्ह्याचं काम झालं. पण पशुपालनावरच्या लेखात ‘धाराशिवी शेळी’ चरायला लागली, आणि एका आजोबांच्या आठवणींत ‘आम्ही धाराशिवेत शिकायला होतो’ असं आलं. नाव जिल्ह्याचं बदललं, शेळीच्या जातीचं नाही, आणि ‘उस्मानाबादेत’मधला एकार ‘धाराशिव’ला सोसत नाही.

त्यांना हवं होतं ते हे:

```
उस्मानाबाद(?![ीे])
```

नेहमीप्रमाणे कंट्रोल+एच, खाली ‘अदर ऑप्शन्स’ उघडून ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’वर खूण. कंसातल्या भागाचा अर्थ असा, की शब्दाच्या लगेच पुढे ईकार किंवा एकार नसेल तरच पकड. युनिकोडमध्ये मात्रा हे वेगळं चिन्ह असतं, म्हणून ‘द’पुढची वेलांटी अशी स्वतंत्र तपासता येते. ‘उस्मानाबादला’, ‘उस्मानाबादचा’, ‘उस्मानाबादमध्ये’ हे सगळे निमूट बदलतात. शेळी वाचते. ‘उस्मानाबादेत’ मागे उरतं, ते वेगळं शोधून हातानं ‘धाराशिवमध्ये’ करायचं.

यात मला आवडतं ते असं, की तो कंस पुढचं अक्षर *पाहतो*, पण *धरत* नाही. बदल होतो तो फक्त ‘उस्मानाबाद’ या अक्षरांचा. धरणं आणि पाहणं यातला हा फरक मला फार उशिरा कळला, आणि एका पुस्तकाची वाट लावून कळला.

दीडशे पानांची फाईल होती. ओळींच्या शेवटी नको त्या मोकळ्या जागा होत्या. मी मोठ्या ऐटीत `^(.*?)[ ]+$` असं शोधलं आणि त्याजागी `$1` टाकलं, म्हणजे अख्खा परिच्छेद उचल, शेवटच्या जागा सोड, उरलेला परत ठेव. जागा गेल्या. सोबत परिच्छेदांमधली तिरपी ग्रंथनामं सरळ झाली. ज्या परिच्छेदाची सुरुवात ठळक शब्दानं होती तो सगळा ठळक झाला. परत ठेवलेला मजकूर पहिल्या अक्षराचा पेहराव घालून आला होता. फाईल मी तशीच जतन केली होती आणि बंदही केली होती, त्यामुळे ‘अनडू’ही हातचं गेलं. खरं तर एवढंच पुरलं असतं:

```
[ ]+$
```

आणि ‘रिप्लेस’चा रकाना रिकामा. इथे धरल्या जातात त्या फक्त नकोशा जागा. `$` परिच्छेदाचा शेवट नुसता पाहतो. तिरप्या अक्षरांना कुणाचा हातच लागत नाही. (जागेचं चिन्ह मी चौकटी कंसात लिहितोय ते छापील मजकुरात दिसावं म्हणून. नुसती जागा दिली तरी चालते.)

काहींना `\s` वापरायची सवय असते. मी टाळतो. त्यात साधी जागा येते, तशीच टॅबही येते, शिफ्ट+एंटरनं तोडलेली ओळही येते, आणि ‘रु.’ व रक्कम वेगळ्या ओळींवर जाऊ नयेत म्हणून कुणी कंट्रोल+शिफ्ट+स्पेसनं मुद्दाम घातलेली न तुटणारी जागाही येते. ते कष्ट एका दणक्यात पुसले जातात.

आता विरामचिन्हं. आपल्याकडच्या टंकलेखनात पूर्णविरामाआधी जागा सोडायची आणि नंतर सोडायची नाही, अशी उलटी रीत बरीच दिसते. आधीची जागा काढणं सोपं:

```
[ ]+(?=[.,;?!])
```

हेही पाहणंच. यात मी अपूर्णविराम घेतलेला नाही. मराठीत ‘विषय :’ असं जागा सोडून लिहितात, कारण चिकटवला तर तो विसर्गासारखा दिसतो.

पूर्णविरामानंतर जागा घालणं मात्र तितकं सोपं नाही. ‘दोन अक्षरांच्या मध्ये टिंब आलं की पुढे जागा’ असा नियम केला, तर ‘कि.मी.’, ‘इ.स.’ आणि माणसांची आद्याक्षरं सगळी फाटतात. मी उलटीकडून जातो. मराठी वाक्य बहुतेक वेळा क्रियापदावर संपतं, तेव्हा टिंबाच्या *मागे* पाहायचं:

```
(?<=आहे|आहेत|होते|होता|होती|नाही)\.(?=[अ-ह])
```

त्याजागी टिंब आणि एक जागा. `(?<=` म्हणजे मागे बघ, `(?=` म्हणजे पुढे बघ, आणि धरलं जातं ते मधलं एक टिंब. उलटी तिरकी रेघ विसरू नका, नाहीतर टिंबाचा अर्थ ‘कोणतंही अक्षर’ असा होतो. ‘गेला.’, ‘म्हणाले.’ अशी वाक्यं यातून सुटतात. आपल्या लेखकाच्या लकबी पाहून यादी वाढवा, आणि पहिले दहा-बारा बदल एकेक करून बघा.

शिक्षकांचं दुसरं दुखणं परिच्छेदांचं होतं. नळदुर्गवरचा लेख कुणीतरी पीडीएफमधून उचलून चिकटवलेला. कंट्रोल+एफ१० दाबून खुणा दिसू दिल्या, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेदाची खूण:

```
नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल¶
बोरी नदीच्या बंधाऱ्यात आहे .¶
पावसाळ्यात नर-मादी धबधबे¶
पाहायला गर्दी होते .¶
```

इथे रायटरचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. त्याचा शोध एका परिच्छेदाच्या आत चालतो, खूण ओलांडून पलीकडचं त्याला दिसत नाही. एकटा `$` दिला तरच तो परिच्छेदाची खूण *धरतो*. दुसऱ्या कशाच्या सोबतीला दिला, की नुसता पाहतो. म्हणून ‘ज्या ओळीच्या शेवटी पूर्णविराम नाही ती पुढच्या ओळीला जोड’ असं एका सूत्रात सांगता येत नाही. कितीही डोकं लावा.

मग वळसा घालायचा. वरच्या दोन सूत्रांनी ओळीअखेरच्या आणि विरामांआधीच्या जागा अगोदर काढा. हा क्रम चुकला तर पुढचं बिनसतं, कारण टिंबानंतर एक जागा जरी उरली तरी टिंब ‘शेवटी’ राहत नाही. मग खऱ्या शेवटांवर खूण करा:

```
[.?!]["”’]?$
```

त्याजागी `&##`. `&` म्हणजे जे सापडलं ते जसंच्या तसं. इथे धरणं आलंच, पण एकदोन अक्षरांचंच. आता नुसता `$` शोधा आणि त्याजागी एक जागा टाका. सगळं एकसलग होईल, घाबरू नका. शेवटी `##` आणि त्यानंतरची जागा शोधून त्याजागी `\n` द्या. मजेची गोष्ट अशी, की शोधाच्या रकान्यात `\n` म्हणजे शिफ्ट+एंटरची ओळ, पण बदलाच्या रकान्यात तोच `\n` नवा परिच्छेद पाडतो. ज्यांच्या फाईलमध्ये शिफ्ट+एंटरच भरलेत त्यांनी दोन्ही रकान्यांत `\n` लिहावं. वेड्यासारखं दिसतं, चालतं मात्र बरोबर.

नळदुर्गच्या ओळींचं झालं ते असं:

```
नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल बोरी नदीच्या बंधाऱ्यात आहे.¶
पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहायला गर्दी होते.¶
```

नुसता `$` अख्ख्या फाईलवर सोडू नका. शीर्षकं मजकुरात विरघळतात, आणि नंतर परिच्छेद पुन्हा पाडले तरी त्यांची शैली परत येत नाही. दोन शीर्षकांच्या मधला मजकूर निवडून ‘करंट सिलेक्शन ओन्ली’वर खूण ठेवा. निवड शेवटच्या ओळीच्या मध्यावरच थांबवा, म्हणजे खालच्या शीर्षकाआधीची खूण निवडीत येणार नाही. दर पायरीआधी निवड जागेवर आहे ना हे पाहा, गेली असेल तर पुन्हा करा. `##` ची शेवटची पायरी तेवढी सगळ्या फाईलवर चालेल.

हा वळसाही दोन ठिकाणी फसतो. परिच्छेदाच्या मधलंच वाक्य नेमकं ओळीच्या शेवटी संपलं, तर तिथे खोटा परिच्छेद पडतो. आणि ओळ ‘ता.’वर संपली असेल, तर ‘तुळजापूर’ नव्या परिच्छेदात जाऊन बसतं. दुसरी चूक वाचताना चटकन दिसते. पहिली दिसत नाही, तिच्यासाठी मूळ पीडीएफ शेजारी उघडून ठेवावी लागते.

फोन ठेवता ठेवता शिक्षक म्हणाले, “आणि सर, ती न दिसणारी अक्षरंसुद्धा मी काढून टाकली. कुठंतरी वाचलं होतं.” कोणती, विचारलं. `\u200B` आणि `\u200D`, दोन्ही.

पहिलं गेलं ते बरंच झालं. ती शून्य रुंदीची जागा, पीडीएफमधून किंवा वेबपानावरून येते आणि शोधाला चकवते. शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोधून सापडत नाही. दुसरं मात्र काढायचं नव्हतं. मराठीत ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’ यातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. काही कळपाट नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे हेच न दिसणारं `\u200D`. दुसऱ्या प्रकारात ते काढलं की र उडी मारून य च्या डोक्यावर बसतो. ‘दुसर्या’, ‘शेतकर्यांचा’.

“परत घालता येईल की सूत्रानं,” ते म्हणाले. नाही येत. `र्य` शोधलं तर ‘शेतकर्यांचा’ सापडेल, आणि ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘धैर्य’ही सापडतील. अक्षरं हुबेहूब तीच, फरक फक्त काढून टाकलेल्या चिन्हात होता. नेहमीच्या शब्दांची यादी करून ‘दुसर्या’, ‘तिसर्या’, ‘शेतकर्यां’ असे एकेक दुरुस्त करता येतात, तेवढे मी त्यांना लिहून पाठवले. उरलेले ते वाचून शोधताहेत. काल संध्याकाळी पान बावीसवर होते.

तक्ते पुढच्या आठवड्यात.