घोडा हरला, पण चुकले कोण?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर टिप देणारे पुष्कळ. रेसआधी आपले कारण वहीत लिहून ठेवणारा मात्र विरळाच. रेस संपली की प्रत्येकाची आठवण निकालाप्रमाणे बदलते. म्हणून हे टिपण घोडे सुटण्यापूर्वीच व्हायला हवे.

समजा, बुकीचा भाव एकास चार आहे. शंभर लावले तर वर चारशे. कर सोडला तर असा घोडा पाचांत एकदा जिंकला तरी पैसे फिटतात. वहीत लिहिले, ‘माझ्या मते दहांत तीनदा जिंकेल. मागे १२०० मीटरला शेवटी वेगात आला, आज १४०० मीटर आहे.’ घोडा हरला. वळणावर त्याची वाट अडली असेल, तर ते दुर्दैव. पण १४०० मीटरला तो पूर्वी दोनदा दमला होता आणि ते रेसबुकात छापलेलेच होते, तर चूक आपली. तो जिंकला असता तरीही!

एका रेसवरून अंदाजाची पारख होत नाही. ‘दहांत तीन’ असे लिहिलेल्या शंभर डावांपैकी तिसाच्या आसपास जिंकायला हवेत. वीसच जिंकले, तर नशिबाला बोल लावणे कठीण. अंदाजच फुगवलेले होते. आणि कर धरला, तर वहीतले बरेच डाव खेळण्याजोगे उरतच नाहीत.