आजीचा व्हिडिओ कॉल आणि डेटाची धास्ती

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गटांच्या बैठकांना आम्ही जातो तेव्हा हप्ते, व्याज, प्रोसिडिंग हे सगळं झालं की कोणीतरी हळूच मोबाइल पुढे करतं. "ताई, हे जरा बघा ना." गेलं वर्षभर असं विचारणाऱ्यांत आज्या वाढल्यात. पोरं बारामतीत इंजिनिअरिंग शिकली, पुण्याला नोकरीला लागली आणि तिथून परदेशात गेली. नातवंडं तिकडंच वाढतायत. त्यांची भेट आता त्या चौकोनी काचेतच.

भिगवणच्या बाजूच्या एका गटातल्या आक्कांचीच गोष्ट सांगतो. लेक-सून अमेरिकेत न्यू जर्सीला, नात सहा वर्षांची. कॉल आला की आक्का उचलायच्या, दोन मिनिटं बोलायच्या आणि म्हणायच्या, "ठेव गं बाय आता, माझा डेटा संपंल." नातीची कविता तिकडं अर्ध्यावरच राहायची. पुढं पुढं नात आईला विचारायला लागली, आज्जीला माझ्याशी बोलायला आवडत नाही का? सुनेनं हे सांगितलं तेव्हा आक्का दोन दिवस जेवल्या नाहीत.

ही धास्ती कुठून आली ते आपल्या पिढीला पटकन कळत नाही. आक्कांनी एसटीडी-आयएसडीचे पिवळे बोर्ड पाहिलेत. बूथमध्ये बोलायला लागलं की समोरच्या पेटीवर लाल आकडे पळायचे, आणि परदेशचा फोन असला तर ते जास्तच जोरात पळायचे. लांबचा फोन म्हणजे जास्त पैसा, हे तेव्हापासून डोक्यात बसलेलं. त्यामुळं पहिली गोष्ट त्यांना समजावली ती हीच, की व्हॉट्सॲपच्या कॉलला अंतर कळत नाही. नात न्यू जर्सीत असो की निमगाव केतकीत, डेटा तेवढाच जातो. दुसरी गोष्ट, कॉल कुणीही लावला तरी डेटा दोघांचाही जातो. आलेला कॉल फुकट आणि आपण केलेला महाग, असं इथं नसतं.

पण नुसतं सांगून आक्का थोड्याच ऐकणार! म्हणून आम्ही मोजून दाखवायचं ठरवलं. व्हॉट्सॲप उघडलं, वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवलं, Settings मध्ये गेलो, तिथून Storage and data आणि त्यात Network usage. या पानावर कॉलला किती गेला, फोटो-व्हिडिओला किती गेला, स्टेटसला किती गेला हे वेगवेगळं दिसतं. पानाच्या तळाशी Reset statistics आहे. ते दाबलं की सगळे आकडे शून्यावर येतात, दुधाचा काटा शून्यावर आणावा तसे. मग पोराला कॉल लावला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं बोललो. परत त्याच पानावर येऊन बघितलं तर गेलेला आणि आलेला मिळून साठ एमबीच्या आसपास आकडा होता.

आता हिशेब बघा. आक्कांचा रिचार्ज रोज दीड जीबीचा आहे, म्हणजे साधारण पंधराशे एमबी. मिनिटाला सहा एमबी धरले तर अर्ध्या तासाला एकशे ऐंशी. दिवसभर दुसरं काहीच केलं नाही, तर पंधराशे भागिले सहा म्हणजे अडीचशे मिनिटं, चार तासांहून जास्त बोलता येईल. आक्का व्याजाचा हिशेब तोंडी करणाऱ्या. त्यांनी बोटं मोजली आणि म्हणाल्या, "मग संध्याकाळी सात वाजता संपतो तो कुठं जातो?" तुमच्या फोनवर हा आकडा वेगळा येईल. रेंज चांगली असेल तर चित्र स्पष्ट येतं आणि डेटा जास्त जातो, रेंज कमी असेल तर कमी. म्हणून आमच्या आकड्यावर विसंबू नका, स्वतःच्या फोनवर दहा मिनिटं मोजा.

आक्कांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच पानावर सापडलं. दोन दिवस आकडे तसेच चालू ठेवले, तर कॉलपेक्षा फोटो-व्हिडिओचा आकडा कितीतरी मोठा निघाला. भावकीचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, माहेरच्या गावचा ग्रुप. सकाळपासून शुभ सकाळचे व्हिडिओ येत राहतात आणि आक्कांनी ते उघडले नाहीत तरी फोन आपले आपणच उतरवून घेतो. त्यात घरातला थोरला नातू हॉटस्पॉट लावून रील बघायचा, तो खर्च या पानावर दिसतसुद्धा नाही. आपल्याकडं नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटतं तेव्हा वरच्या अंगाला सगळे पाणी घेतात आणि टेलच्या रानाला थेंब पोचत नाही. आक्कांचा संध्याकाळचा कॉल हा टेलचा होता. पाणी कमी नव्हतं, वरच्यांनी उचललं होतं.

त्यावर उपाय सोपा. Storage and data मध्येच Media auto-download खाली When using mobile data आहे. त्यावर बोट ठेवलं की फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट अशा चार खुणा येतात. त्या चारही काढून टाकायच्या आणि OK दाबायचं. आता फोटो अंधुक दिसतो, जो बघायचा त्यालाच हात लावायचा. त्याच पानावर Use less data for calls असं एक बटण आहे. ते चालू केलं की कॉलला कमी डेटा लागतो, पण चित्र थोडं धूसर येतं. आक्कांनी ते चालू केलं आणि दुसऱ्या दिवशी बंद केलं. "नातीचा पडलेला दात दिसंना," म्हणाल्या. आम्हालाही वाटतं की डेटा पुरत असेल तर ते बंदच ठेवावं. रेंज नसलेल्या घरात मात्र त्याचा उपयोग होतो.

आता मोठी भीती. डेटा संपलाच तर काय होतं? आक्कांना वाटायचं की पैसे कापले जातात, नाहीतर पोराच्या नावावर बिल जातं. रोजच्या डेटाच्या प्रीपेड रिचार्जमध्ये तसं होत नाही. त्या दिवसाचा वाटा संपला की नेट एकदम मंद होतं. चित्र गोठतं, आवाज तुटतो, पडद्यावर Reconnecting येतं. साधे मेसेज उशिरा का होईना जातात. रात्री बाराला नवा वाटा सुरू होतो. पण काही रिचार्ज रोजच्या वाट्याचे नसतात, महिन्याला मिळून एवढाच डेटा असे असतात, आणि ते लवकर संपतात. म्हणून दुकानात एवढंच विचारायचं, "हा डेटा रोजचा आहे का एकूण?"

चित्र गोठलं म्हणजे डेटाच संपला असंही नाही. अर्धा डेटा संपला की आणि संपत आला की कंपनीचा मेसेज येतो. तो आला नसेल तर बहुतेक रेंजचा दोष असतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात आतल्या खोलीत हे फार होतं. ओट्यावर येऊन बघा. तरीही अडकत असेल तर कॉल तोडू नका, पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या खुणेवर बोट ठेवा. आपलं चित्र बंद होतं, बोलणं चालू राहतं आणि डेटाही कमी लागतो.

एका ठिकाणी मात्र आक्कांची जुनी भीती अगदी बरोबर आहे. व्हॉट्सॲपमधून न करता फोनच्या साध्या हिरव्या बटणावरून परदेशी नंबर लावला तर तो खराच आयएसडी कॉल होतो आणि त्याचे पैसे बॅलन्समधून जातात. रोजचे अमर्याद कॉल त्याला लागू नसतात. म्हणून आक्कांना शिकवलं की आधी व्हॉट्सॲप उघडायचं, नातीचा फोटो शोधायचा आणि वर कॅमेऱ्याचं चित्र दिसतं त्यावरच बोट ठेवायचं. आणि अनोळखी परदेशी नंबरचा व्हिडिओ कॉल आला तर उचलायचाच नाही. Settings मधल्या Privacy मध्ये Calls खाली Silence unknown callers आहे, ते चालू करून दिलं.

शिकताना अडचण आली ती वेगळ्याच गोष्टींची. खुरपणी करून आक्कांची बोटं खरबरीत झालीत, काचेला कळतच नाहीत. हात धुऊन, कोरडे करून बोटाचा मऊ भाग टेकवला की कळतात. नखानं टोचून काही होत नाही. कॉल आला की बटण दाबायचं नसतं, बऱ्याच फोनवर ते वर सरकवायचं असतं. हे जमायला चार दिवस लागले. आणि सवयीनं त्या फोन कानाला लावायच्या, त्यामुळं नातीला अमेरिकेत आज्जीचा नुसता कान दिसायचा! आता फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवतात आणि तोंड दाराकडं करून बसतात. पाठीमागं उजेड असला की चेहरा काळा दिसतो.

राहिली वेळ. न्यू जर्सीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागं असतं. संध्याकाळी सातला कॉल केला की तिकडं सकाळची घाई आणि इकडं डेटा उरलेला नसतो. मग लेकानं आणि आक्कांनी मिळून रविवारी पहाटे सहाची वेळ धरली. तेव्हा तिकडं शनिवारची रात्र असते, साडेआठ वाजलेले, नात अंथरुणात. इकडं रात्री बाराला आलेला पूर्ण वाटा तसाच पडून असतो, थोरला नातू झोपलेला असतो आणि आक्का तशाही पाचलाच उठतात. नातीला चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगून होते, मग तिची कविता पूर्ण ऐकून होते. अर्धा तास सहज जातो.

फक्त एक ध्यानात ठेवायचं. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागं घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत पुढं करतात. आपलं घड्याळ आहे तसंच राहतं. त्यामुळं नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारपासून आक्कांची सहाची वेळ सातची होते, आणि मार्चच्या तिसऱ्या रविवारपासून पुन्हा सहाची. कॉल आला नाही की आक्का आधी डेटा बघतील, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दोन्ही रविवारांना आम्ही कुंकवाचं बोट लावून दिलंय.