घातांकात अडकलेले दिवस

बारावीच्या मुलाने पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘उत्तर जुळत नाही.’ गणित असं: आयोडीन-१३१ या किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य ८ दिवस आहे. सुरुवातीला २०० मिलिग्रॅम असेल, तर ३० मिलिग्रॅम उरायला किती दिवस लागतील? त्याचं उत्तर आलं होतं ३१ दिवस.

लॉगला हात लावण्याआधी नुसतं निम्मं करत जावं. ८ दिवसांनी १००, १६ दिवसांनी ५०, २४ दिवसांनी २५. आपल्याला हवे ३०, म्हणजे उत्तर १६ आणि २४ यांच्या मध्ये, २४ च्या बरंच जवळ. ३१ चूक आहे, हे एवढ्यावरच कळतं.

हे निम्मं होणं वजाबाकीसारखं नाही, हेच पुष्कळांना खटकतं. ८ दिवसांत अर्धं गेलं तर पुढच्या ८ दिवसांत उरलेलं सगळं का जात नाही? कारण आयोडीनच्या अणुकेंद्राला वय नसतं. आज तयार झालेलं असो की महिनाभर टिकलेलं, येत्या ८ दिवसांत ते फुटण्याची शक्यता तितकीच, निम्मी. त्यामुळे जेवढे अणू उरलेत त्यांच्यातलेच निम्मे जातात आणि शिल्लक जितकी कमी, तितका ऱ्हासही मंदावतो.

आता नेमकं उत्तर. ८-८ दिवसांचे असे किती टप्पे लागले ते माहीत नाही, त्यांना क्ष म्हणू. क्ष वेळा निम्मं केल्यावर २०० चे ३० होतात. उलट्या बाजूने पाहिलं तर ३० क्ष वेळा दुप्पट केल्यावर २०० होतात. म्हणून

२^क्ष = २०० ÷ ३० = ६.६६७

अज्ञात संख्या घातांकात जाऊन बसली आहे. बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार करून ती खाली उतरत नाही. लॉग घेतला की मात्र घातांक गुणक होऊन समोर येतो:

क्ष × लॉग २ = लॉग ६.६६७

तक्त्यात लॉग २ म्हणजे ०.३०१० आणि लॉग ६.६६७ म्हणजे ०.८२३९. भागाकार २.७३७. एक टप्पा ८ दिवसांचा, म्हणून ८ ने गुणलं की २१.९ दिवस. १६ आणि २४ च्या मधलं, २४ च्या जवळचं.

मग ३१ आलं कुठून? मुलाने ३० ला २०० ने भागलं होतं. तेही बरोबरच, पण मग ०.१५ चा लॉग लागतो. पुस्तकात तो ‘बार वन पॉइंट १७६१’ असा छापलेला होता, म्हणजे १ च्या डोक्यावर एक आडवी रेघ. ती रेघ फक्त त्या १ पुरती ऋण असते, दशांश चिन्हाच्या पुढचा भाग धनच राहतो. म्हणून खरी किंमत −१ + ०.१७६१ = −०.८२३९. मुलाने ती −१.१७६१ धरली. तिला −०.३०१० ने भागून ८ ने गुणलं की ३१.३ येतात. त्याला फार बोल लावता येणार नाही. फोटोत ती रेघ जेमतेम दिसत होती. अशा पानांवर बारीक रेघा आणि वर चढवलेले घातांक हेच आधी पुसट होतात. म्हणून मोठी संख्या वर ठेवून भागावं. लॉग धन येतो आणि बारची भानगडच उरत नाही.

दुसरी चूक याहून छुपी. काही पुस्तकं ०.६९३ ÷ ८ असा ऱ्हासाचा स्थिरांक काढायला सांगतात. त्यातलं ०.६९३ हा २ चा नैसर्गिक लॉग आहे. त्याच्यासोबत दहाच्या पायाचा ०.८२३९ वापरला तर उत्तर साडेनऊ दिवस येतं. पाया कोणताही चालेल, पण वर-खाली एकच हवा.

गणित रचणाऱ्याचा हात सढळ आहे, हेही सांगायला हवं. थायरॉइडच्या कर्करोगात हेच आयोडीन देतात; तिथे १०० मिलिक्युरीचा डोस म्हणजे ग्रॅमचा दशलक्षावा हिस्साही भरत नाही. २०० मिलिग्रॅम कुठल्याही रुग्णालयाला झेपणार नाही!

आणि २१.९ दिवस हे उत्तर बंद बाटलीतल्या आयोडीनचं. रुग्णाच्या शरीरातून ते मुख्यतः लघवीवाटेही बाहेर पडतं. समजा, केवळ या उत्सर्जनाने ते निम्मं व्हायला २४ दिवस लागले असते. तर दोन्ही वेग मिळवायचे: १/८ + १/२४ = १/६. परिणामी अर्धायुष्य ६ दिवसांचं झालं. टप्पे तेच २.७३७, पण दिवस उरतात १६.४. आठाचा आकडा निसर्गाने ठरवलेला, बदलत नाही. चोविसाचा मात्र माणसागणिक बदलतो, म्हणून रुग्णालयात डोस दिल्यावर रुग्णापासून ठरावीक अंतरावर मापक धरून किरणोत्सार प्रत्यक्ष मोजतात.