बाबांचं उन्हवरे आणि आमचं टाउपो

आमच्या पोरिरुआत गरम पाण्याचा झरा नाही. त्यासाठी एक नंबर हायवेने डेझर्ट रोड ओलांडून टाउपोला जावं लागतं, साडेचार तास तरी लागतात. गेल्या हिवाळ्यात आई-बाबा चिपळूणहून आले होते, तेव्हा त्यांना तिथल्या ओटुमुहेके ओढ्यावर नेलं. हा गरम ओढा वाइकाटो नदीला मिळतो तिथे लोक फुकटात डुंबतात.

बाबा लहानपणापासून दापोलीजवळच्या उन्हवऱ्याला जाणारे. तिथे झऱ्याचं पाणी सुमारे ७० अंश असतं, ते कुंडात निवल्यावर आंघोळ करतात. त्यामुळे ओढ्यात हात घालून ते म्हणाले, "हे काय, कोमटच आहे की!" आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसले. पंचवीस मिनिटांनी ताडकन उठले, दोन पावलं टाकली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन खालीच बसले. नशिबाने मी शेजारी होतो. काठावर आडवं केलं, पाय बॅगवर उंच ठेवले, शुद्धीवर आहेत हे पाहून घोट घोट पाणी दिलं. दहा मिनिटांत ठीक झाले. नंतर स्वयंपाकघरातला थर्मामीटर त्या जागी बुडवला, तर ४१ अंश!

४१ अंशांनी कातडी भाजत नाही. पण गरम पाण्यात दोन घड्याळं चालतात, एक कातडीचं आणि एक शरीराच्या आतल्या तापमानाचं. कातडीचं घड्याळ साधारण ४४ अंशांना सुरू होतं, तेही अगदी सावकाश. ४९ अंशांना मोठ्या माणसाला दहाएक मिनिटांत खोल भाजतं, ६० अंशांना पाचेक सेकंदांत. लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना याहून लवकर. ही उष्णता चटकन कळते आणि माणूस पाय मागे घेतो.

दुसरं घड्याळ कळतच नाही. एरवी शरीर घामाने थंड होतं, पण पाण्याखाली घाम सुकत नाही. त्यात पाणी ४०-४१ अंश असलं, तर उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येते आणि दहा-पंधरा मिनिटांत अंगात चक्क ताप चढू शकतो. कातडी तर पाण्याला सरावते, म्हणून उलट मस्त वाटत राहतं. दरम्यान रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो. बसलेलो असेपर्यंत पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर ढकलत असतो. उभं राहिलं की तो आधार जातो, रक्त पायांत उतरतं आणि चक्कर येते. बाबांची तर बीपीची गोळीही चालू होती.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा. ३६-३७ अंशांपर्यंत अर्धा तास निवांत बसा. ३८ ते ४० असेल तर दहा-पंधरा मिनिटं, मग बाहेर येऊन अंग निवू द्यायचं, पाणी प्यायचं आणि वाटलं तर पुन्हा जायचं. ४१-४२ फक्त धडधाकट मोठ्यांसाठी, तेही पाच-सात मिनिटं. त्याच्या वर कोणीच नाही. अमेरिकेत गरम पाण्याच्या टबासाठी ४० अंश हीच कमाल मर्यादा सांगतात. गरोदर बायका, छोटी मुलं, हृदयविकार किंवा बीपी असलेल्यांनी कोमट पाण्यातच बसावं, आणि तेही आधी डॉक्टरांना विचारून. दारू पिऊन तर नाहीच. चक्कर, मळमळ, डोक्यात ठोके किंवा छातीत धडधड जाणवली, तर घड्याळ न बघता बाहेर यायचं. आधी काठावर बसायचं, मग सावकाश उभं राहायचं.

ओढ्यात एकाच जागी मोजून भागत नाही. नदीचं थंड पाणी मिसळतं तिथे गरम पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, त्यामुळे खांदे शेकतात आणि पाय गारठतात. चार पावलं वर गेलं की आकडा दोन-तीन अंशांनी चढतो. कोरोमंडेलच्या हॉट वॉटर बीचवर तर उलटं, तिथे वाळूखालून ६४ अंशांपर्यंतचं पाणी वर येतं. म्हणून बसायच्या जागी वर आणि तळाशी, दोन्हीकडे मोजायचं.

आणखी एक गोष्ट इथल्या पाट्यांवर लिहिलेली असते, ती म्हणजे डोकं पाण्याखाली नेऊ नका. अशा कोमट-गरम नैसर्गिक पाण्यात एक अमिबा असू शकतो. तो नाकातून मेंदूपर्यंत गेला तर बहुधा जीवच घेतो. क्वचितच घडतं, पण न्यूझीलंडमध्ये यामुळे माणसं दगावली आहेत. बाबांना बुडी मारायची सवय, त्यांना हे पटवताना नाकी नऊ आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. ३८ अंशांची जागा शोधली, मोबाईलवर बारा मिनिटांचा गजर लावला. गजर वाजला तेव्हा बाबा कुरकुरले, "उन्हवऱ्याला असलं काही नव्हतं." पण उठताना त्यांनी आधी माझा हात धरला. परत जाताना आईने थर्मामीटर मागून घेतला. आता उन्हवऱ्याला जाताना तो तिच्या पिशवीत असतो.